लहान क्लिनिकमधला लसींचा फ्रीज: टिक नको, आकडा लिहा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

निफाडच्या बाजूला माझं बालरोगाचं छोटं क्लिनिक आहे. एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक मावशी आणि लसींसाठी एक साधा घरगुती फ्रीज. सरकारी केंद्रात असतो तो लसींसाठीचा खास फ्रीज, आयएलआर, आमच्याकडे नाही. खाली आलेले प्रश्न ओळखीच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सिस्टरांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. जिथे चौकोन आहे तिथली पायरी तशीच उतरवून फ्रीजवर चिकटवता येईल.

लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या, एवढंच तर आहे. त्यासाठी लेखी कार्यपद्धती कशाला?

कारण "तापमान बरोबर आहे का?" या प्रश्नाला सगळे "हो" म्हणतात. आमच्या जुन्या रजिस्टरात सकाळ-संध्याकाळ बरोबरची खूण असायची. महिनोन्‌महिने एकही खूण चुकलेली नाही, आणि त्या खुणांवरून काहीच कळत नाही. आता आमचा नियम असा आहे की ज्या पायरीत आकडा, वेळ किंवा सही येत नाही ती पायरी कागदावर ठेवायचीच नाही. "फ्रीज तपासला" ही पायरी नव्हे. "९:०५ ला आत्ताचं तापमान ४.२, रात्रीचं किमान ३.१, कमाल ६.०, रीसेट केलं, सही" ही पायरी.

लस उष्णतेने खराब होते ना? मग फ्रीज जितका थंड तितकं चांगलं, नाही का?

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. उन्हाळ्यात लाईट गेली की सगळे धावतात, कारण गरम झालेलं जाणवतं. पण फ्रीज जास्त थंड होतो तो रात्री, क्लिनिक बंद असताना, आणि सकाळी दार उघडेपर्यंत परत चारवर आलेला असतो.

हिपॅटायटिस बी, पेंटा, हेक्सा, डीपीटी, टीडी, पीसीव्ही, एचपीव्ही या लसींमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो. लसीचा मुख्य घटक त्याच्या बारीक कणांना चिकटून राहतो. लस गोठली की हे कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात, आणि वितळल्यावर पूर्वीसारखे सुटे होत नाहीत. लस दुधाळ दिसते, सुईतून जाते, बाळ रडतं, कार्डावर नोंद होते. फक्त संरक्षण मिळेल याची खात्री उरत नाही. आयपीव्ही आणि फ्लूच्या लसीही गोठवून चालत नाहीत, जरी त्यांच्यात सहसा हा क्षार नसला तरी.

बीसीजी, एमआर, एमएमआर, कांजिण्या यांची कोरडी पावडर थंडी सोसते पण उष्णतेला हळवी असते. तोंडावाटे द्यायचा पोलिओ डोसही तसाच. म्हणून एकाच फ्रीजमध्ये दोन स्वभावांच्या लसी नांदत असतात. मात्र पावडरीसोबतचं द्रावण गोठवायचं नाही. काच तडकते.

घरगुती फ्रीज चालेल का?

परवडत असेल तर लसींसाठीच बनवलेला फ्रीज घ्या. नसेल तर घरगुती चालतो, पण काही अटींवर. हॉटेलच्या खोलीत असतो तसला छोटा, आत बर्फाचा कप्पा असलेला मिनी फ्रीज अजिबात नको. त्याच्या एका कोपऱ्यात गोठतं आणि दुसऱ्यात नऊ अंश असतात.

एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा चिलर ट्रे सगळ्यात धोक्याचा. नवीन सिस्टर लसी हमखास तिथेच ठेवते, कारण "सगळ्यात गार तिथे". फ्रॉस्ट-फ्री दोनदारी फ्रीजमध्ये पंखा थंड हवा ज्या छिद्रातून फेकतो त्याच्यासमोर तसाच धोका. दारातल्या खणात उलटं: प्रत्येक वेळी दार उघडलं की गरम हवा. उरला मधला कप्पा, भिंतीपासून थोडं पुढे. आमचा नकाशा असा:

☐ चिलर ट्रेमध्ये लस नाही. तिथे पाण्याच्या बाटल्या.
☐ मधल्या कप्प्यात जाळीच्या टोपल्या, लसींचे खोके मागच्या भिंतीपासून चार बोटं दूर.
☐ दारात आणि भाजीच्या ड्रॉवरमध्ये फक्त पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकीवर "पिऊ नये" अशी पट्टी.
☐ आत डबा, दूध, इन्सुलिन, रक्ताचे नमुने यांपैकी काहीही नाही.
☐ ज्याची एक्स्पायरी आधी, तो खोका पुढे.
☐ फ्रीज स्वतंत्र प्लगवर, बटणावर चिकटपट्टी आणि "बंद करू नये".

बाटल्यांचं काम शोभेचं नाही. दार उघडलं की हवा लगेच तापते, पाणी तापत नाही. लाईट गेल्यावर हेच पाणी फ्रीज सावरून धरतं. चिकटपट्टीबद्दल सांगायचं तर, आमच्याकडे मोबाईल चार्ज करायला प्लग काढला गेला तो कुणा पेशंटने नव्हे, मीच काढला होता.

नवीन फ्रीज आला. लसी कधी ठेवू?

एक आठवडा फक्त पाण्याच्या बाटल्यांवर चालवा. रोज दोनदा किमान-कमाल लिहा. थर्मामीटर दोन दिवस मधल्या कप्प्यात, दोन दिवस मागे, दोन दिवस खाली ठेवून पाहा. आकडा ४ ते ५ च्या आसपास स्थिर बसला की मग लसी. बटणावरचे १ ते ७ हे अंश नसतात, हे सिस्टरना स्पष्ट सांगा. "सातवर ठेवलाय, म्हणजे सात अंश" हे मी स्वतः ऐकलं आहे. बहुतेक फ्रीजमध्ये सात म्हणजे सगळ्यात थंड.

थर्मामीटर कुठला?

आकडे साठवणारा डिजिटल डेटा लॉगर. त्याचा सेन्सर द्रवाने भरलेल्या छोट्या बाटलीत बुडालेला हवा. उघडा सेन्सर हवेचं तापमान सांगतो, आपल्याला लसीचं हवं असतं. सेन्सर टोपलीत लसींच्या मधोमध, पडदा बाहेर, म्हणजे दार न उघडता वाचता येतो. ज्यांना तूर्तास लॉगर शक्य नाही त्यांनी निदान किमान-कमाल दाखवणारा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. फक्त आत्ताचं तापमान दाखवणारा थर्मामीटर रात्रीबद्दल मुका असतो.

दर सहा महिन्यांनी तपासायला सोपी युक्ती: ग्लासभर बारीक फोडलेल्या बर्फात थोडं पाणी घालून दाट लगदा करा, सेन्सर मधोमध बुडवा, हलवत राहा, आकडा स्थिरावू द्या. शून्य दिसायला हवं. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर तो थर्मामीटर बदला. तारीख आणि आलेला आकडा रजिस्टरात लिहा.

रोजच्या पायऱ्या नेमक्या काय?

सकाळी क्लिनिक उघडल्यावर, पहिली लस काढायच्या आधी:

☐ दार न उघडता आत्ताचं, किमान आणि कमाल तापमान लिहिलं.
☐ किमान २.० च्या खाली नाही, कमाल ८.० च्या वर नाही.
☐ वाचून, लिहून, मगच रीसेट केलं.
☐ दार नीट लागतंय (कागदाची पट्टी दारात धरून ओढली, सहज निघाली नाही).
☐ वेळ आणि सही.

संध्याकाळी बंद करताना पुन्हा तेच. दोन मिनिटांचं काम आहे. यातली रीसेटची पायरी सगळ्यांत जास्त चुकते आणि तिच्याचमुळे आमचं एकदा निभावलं. ते पुढच्या प्रश्नात.

किमान तापमान शून्याखाली दिसलं तर काय करायचं? खरंच असं होतं का?

आमच्याकडे एका डिसेंबरात झालं. थंडीत इकडे पारा एक आकडी होतो. आमचा एकदारी फ्रीज उन्हाळ्यापासून पाचच्या खुणेवर होता आणि तो खाली आणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. अशा फ्रीजचा थर्मोस्टॅट बर्फाच्या कप्प्याजवळची थंडी मोजतो. बाहेरची खोली गरम असते तेव्हा खालच्या कप्प्यांत उष्णता झिरपत राहते आणि समतोल चारवर बसतो. खोलीच गार पडली की ती झिरप कमी होते आणि तोच समतोल खाली घसरतो.

सकाळी नऊला पडद्यावर ३.८ होतं. जुन्या पद्धतीत खूण झाली असती. पण किमानच्या जागी उणे १.६ होतं. लॉगर संगणकाला लावल्यावर दिसलं की पहाटे पावणेतीन ते सहाच्या सुमारापर्यंत फ्रीज शून्याखाली होता.

पहिली गोष्ट, काहीही फेकलं नाही आणि काहीही वापरलं नाही. सगळ्या लसी एका टोपलीत घालून "वापरू नका" अशी चिठ्ठी लावली आणि टोपली २ ते ८ मध्येच ठेवली, कारण तपासाअंती ज्या वाचतील त्या तोवर गरम होऊन जायला नकोत. बटण पाचवरून तीनवर आणलं. त्या दिवशी आलेल्या पालकांना दोन दिवसांनी बोलावलं.

मग एकेक लस. एमएमआर आणि कांजिण्यांची पावडर थंडीने बिघडत नाही. द्रावणाच्या कुप्या उजेडात धरून तडा पाहिला, कंपनीला विचारलं, त्या राहिल्या. हेक्सा आणि पीसीव्ही भरलेल्या सिरिंजमध्ये होत्या. त्यांचे लॉट नंबर आणि लॉगरचा आलेख कंपन्यांना पाठवला, आणि त्यांच्या लेखी उत्तराप्रमाणे त्या बाद केल्या. हिपॅटायटिस बीच्या एकाच लॉटच्या आठ व्हायल होत्या. त्यांची शेक टेस्ट केली.

सगळ्यात मोठा प्रश्न होता आदल्या दिवशी लस घेतलेल्या मुलांचा. आदल्या संध्याकाळी सातची नोंद होती: आत्ता ४.४, सकाळपासूनचं किमान २.९, रीसेट केलं, सही. म्हणजे उणे १.६ त्यानंतरच, रात्री घडलं. एकाही मुलाला परत बोलावण्याची गरज पडली नाही. साधा किमान-कमाल थर्मामीटर असता आणि रीसेट केलेलाच नसता, तर तो आकडा कुठल्या रात्रीचा, हे कुणालाही सांगता आलं नसतं, आणि महिन्याभराच्या मुलांची यादी काढावी लागली असती.

शेक टेस्ट कशी करतात?

त्याच कंपनीची, त्याच लसीची, त्याच लॉटची एक व्हायल बळी द्यावी लागते. तिच्यावर "गोठवलेली, वापरू नका" लिहून ती फ्रीझरमध्ये रात्रभर घट्ट गोठवायची. सकाळी बाहेर काढून आपोआप वितळू द्यायची. गरम पाण्यात बुडवायची नाही. मग ती आणि संशयित व्हायल एकाच हातात धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायच्या, सपाट टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या आणि अर्ध्या तासापर्यंत पाहायचं.

गोठवलेलीत खाली पांढरा गाळ लवकर बसतो आणि वर निवळ पाणी दिसतं. संशयित व्हायल तिच्यापेक्षा हळू बसली तर ती गोठलेली नाही. तेवढ्याच वेगाने किंवा अधिक वेगाने बसली तर बाद. आमची तेवढ्याच वेगाने बसली. आठही गेल्या.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. ही चाचणी अ‍ॅल्युमिनियमवाल्या लसींनाच लागू आहे. आयपीव्ही मुळातच निवळ असते, तिच्यात गाळ बसणार कुठून? आणि एखाद्या व्हायलमध्ये तुम्हाला प्रत्यक्ष बर्फ दिसला असेल तर चाचणीच्या भानगडीत पडू नका, ती सरळ बाद.

व्हायलवरचा व्हीव्हीएम चांगला आहे. मग काळजी नको ना?

व्हीव्हीएम, म्हणजे व्हायलवरची रंग बदलणारी खूण, फक्त उष्णतेचा हिशेब ठेवतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस चालते, रंग जुळला किंवा चौकोन जास्त गडद झाला की बाद. हा हिशेब मागे फिरत नाही: आज दोन तास, पुढच्या आठवड्यात तीन तास, सगळं जमा होतं. पण लस गोठली तर व्हीव्हीएमला पत्ताच नसतो. शिवाय खाजगी बाजारातल्या बऱ्याच लसींवर तो नसतोही.

लाईट गेली तर?

आधी एक आकडा तुमच्याकडे तयार हवा: तुमचा फ्रीज, बंद दाराने, किती वेळात आठवर पोहोचतो. तो कंपनीच्या पुस्तकात शोधू नका. मे महिन्यातल्या एका रविवारी लसी दुसऱ्या डॉक्टरांच्या फ्रीजमध्ये हलवा, आत बाटल्या तशाच राहू द्या, प्लग काढा आणि दर अर्ध्या तासाने पडदा वाचा. आमचा साडेतीन तास निघाला. तुमचा वेगळा निघेल. तो आकडा जाड अक्षरात दारावर लिहा.

☐ लाईट गेल्याची वेळ लिहिली, दारावर "उघडू नका" लावलं.
☐ दर अर्ध्या तासाने बाहेरून तापमान लिहिलं.
☐ दारावरच्या वेळेपैकी निम्मी सरली: चार आइसपॅक फ्रीझरमधून काढून टेबलावर मांडले.
☐ तापमान ७ वर: लसी व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, त्यात एक थर्मामीटर.
☐ ठरलेल्या ठिकाणी फोन केला, कोणाशी बोलणं झालं ते लिहिलं.
☐ लाईट आल्यावर फ्रीज ८ च्या खाली येऊन स्थिर झाला, मगच लसी परत.

ते ठरलेलं ठिकाण आधीच ठरलेलं हवं. आमचं शेजारच्या गल्लीतलं इन्व्हर्टरवाल्या मेडिकलचं आहे. इन्व्हर्टरवर फ्रीज चालवायचा विचार असेल तर इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या. कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका ओढतो तो प्रत्येक इन्व्हर्टरला झेपत नाही.

आइसपॅक टेबलावर मांडून का ठेवायचे? सरळ कॅरिअरमध्ये का नाही?

कारण फ्रीझरमधून काढलेला पॅक शून्याच्या बराच खाली असतो. त्याला टेकलेली हिपॅटायटिस बीची व्हायल वाटेतच गोठेल, आणि आपण तिला उन्हापासून वाचवतोय असं समजत राहू. पॅकवरचं पांढरं दव जाऊन त्याला घाम फुटला पाहिजे आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत तापमान शून्याजवळ अडकून राहतं. याला उन्हाळ्यात कमी वेळ लागतो, थंडीत तासाहून जास्त. म्हणून घड्याळ नको, आवाज ऐका.

व्हायल प्लास्टिकच्या पिशवीत, मधोमध, पॅकला न टेकता. पॅकमध्ये साधं पाणी खुणेपर्यंत. मीठ घालू नका: मिठाचं पाणी शून्याच्या खाली जाऊन वितळतं, म्हणजे घाम फुटला तरी व्हायल गोठण्याचा धोका राहतोच.

स्टॉकिस्टकडून माल घेताना काय पाहायचं?

सर्वात आधी माल फ्रीजमध्ये, बिल नंतर. आम्ही पूर्वी बिल ताडून पाहायचो आणि तोवर खोका काउंटरवर, पंख्याखाली. आता:

☐ खोका आल्याची वेळ लिहिली.
☐ आत जेलपॅक आहेत, आणि गार आहेत. पूर्ण वितळून कोमट झाले असतील तर माल घेतला नाही.
☐ दगडासारखा गोठलेला जेलपॅक लसीच्या खोक्याला थेट टेकलेला नाही. टेकला असेल तर तो माल वेगळा ठेवून स्टॉकिस्टला फोन केला.
☐ लॉट नंबर, एक्स्पायरी, नग लिहिले.
☐ पाच मिनिटांच्या आत फ्रीजमध्ये.

दुसऱ्या मुद्द्यावर सगळे लक्ष देतात, तिसऱ्यावर क्वचित कोणी. डिलिव्हरीचा मुलगा तर "बघा सर, एकदम बर्फ आहे" असं अभिमानाने सांगतो.

उघडलेली व्हायल किती दिवस?

अनेक डोसच्या टीडी, डीपीटी, पेंटा, हिपॅटायटिस बी, आयपीव्ही, पोलिओ डोस यांना सरकारी कार्यक्रमात २८ दिवसांची मुभा आहे, तीही एक्स्पायरी, व्हीव्हीएम, थंडी आणि निर्जंतुक सुई सगळं नीट असेल तरच. उघडल्याची तारीख आणि वेळ व्हायलवर लिहा. बीसीजी आणि एमआर मिसळल्यापासून चार तासांत संपवा, उरलेलं टाका. मिसळायचं द्रावण त्याच कंपनीचं, आणि आदल्या दिवसापासून फ्रीजमध्ये गार केलेलं.

तापमान आठच्या वर गेलं असेल तर?

गोठण्याइतकं तातडीचं नाही, पण पद्धत तीच: वेगळी टोपली, चिठ्ठी, २ ते ८ मध्ये परत, किती अंशांवर किती वेळ ते लिहून कंपनीला विचारणं. उत्तर लेखी घ्या आणि लसीच्या खोक्यावर "एकदा ११ अंश, ३ तास" असं लिहून ठेवा, कारण पुढच्या वेळी असं झालं तर हे तास त्यात धरावे लागतील.

दिवाळीची चार दिवस सुट्टी असते. तेव्हा?

रोज एकाने यायचं, पाळी लावून. पाच मिनिटं लागतात. मोबाईलवर इशारा पाठवणारा लॉगर असेल तर उत्तम, पण इशारा आल्यावर क्लिनिकची किल्ली कोणाकडे आहे, हे कागदावर हवं. आमच्याकडे दुसरी किल्ली मावशींकडे असते, त्या सगळ्यांत जवळ राहतात. व्हॅक्सिन कॅरिअर कसं भरायचं हे त्यांना शिकवून ठेवलं आहे, आणि दर दोन महिन्यांनी त्या ते माझ्यासमोर रिकाम्या व्हायल घेऊन करून दाखवतात. पॅकचा आवाज ऐकण्यात त्यांचा कान सिस्टरांपेक्षा तयार आहे.

बाद लसी कुठे टाकायच्या?

कचऱ्याच्या बादलीत नाही आणि बेसिनमध्येही नाही. नग आणि लॉट लिहून, सही करून, तुमच्या जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या गाडीकडे पिवळ्या पिशवीत द्या. तोपर्यंत त्या लसींच्या फ्रीजमध्ये ठेवू नका. गर्दीच्या दिवशी कुणीतरी हात घालतंच.